हॉलमधली खेळणी आणि संध्याकाळचे सात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा हॉल दहा बाय चौदा फुटांचा. त्यात सोफा, दिवाण, टीव्ही, सासू-सासरे, पाच वर्षांची थोरली आणि दीड वर्षाचा धाकटा. परीक्षेच्या दिवसांत नणंदेचा मुलगा अभ्यासाला येतो, तो दिवाणावर झोपतो. म्हणजे संध्याकाळी सातला हॉल आजी-आजोबांच्या ताब्यात गेला पाहिजे आणि रात्री दहाला तिथे एका माणसाला झोपता आलं पाहिजे. आमचं घर आवरल्यावर शेजारच्यांचं, मग मैत्रिणींचं, असं करत प्रश्न यायला लागले. तेच तेच पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. वयं आणि मापं जिथे दिली आहेत, तिथे ती आमच्या घरातली धरा आणि तुमची लावून घ्या.

१. हॉल लहान, खेळणी दुकानभर. चांगले डबे आणून सुरुवात करू का?

डबे सगळ्यात शेवटी. आधी एक संध्याकाळ घड्याळ लावून आवरा. आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा दोन मोठ्या माणसांना पस्तीस मिनिटं लागली आणि त्यातला बराच वेळ उचलण्यात गेलाच नव्हता. "हे चाक कशाचं?", "ही बशी भातुकलीतली की डॉक्टर सेटमधली?" हे ठरवण्यात तो गेला. दिवाणात तेव्हाही जागा रिकामी होती. जागा कमी आहे असं वर्षभर म्हणत होतो, पण खरी अडचण वर्गवारीची होती.

म्हणून मी खेळण्यांची सोय मिनिटांत मोजते. एका मोठ्या माणसाला, एका कडेवर मूल असताना, दहा मिनिटांत हॉल मोकळा करता आला पाहिजे. त्यात न बसणारी खेळणी हॉलमधून आत जातात, मग ती कितीही महागाची असोत.

त्यानंतर तीन दिवस रोज रात्री एका कागदावर दोन रकाने भरा: एक खेळलेल्या खेळण्यांचा, दुसरा नुसत्या ओतलेल्यांचा. आमच्याकडे पहिल्या रकान्यात ठोकळे, भातुकली, दोन गाड्या, कापडी चेंडू आणि चित्रांची पुस्तकं एवढंच आलं. बाकीचं सगळं या पाच गोष्टी शोधताना जमिनीवर आलेलं होतं. हा कागद जपून ठेवा, पुढच्या प्रश्नात लागेल.

२. मग हॉलमध्ये नेमकी किती खेळणी ठेवायची?

आमच्याकडे सहा डबे आणि पुस्तकांची एक रांग. हा आकडा दहा मिनिटांच्या कसोटीतून आला. एक डबा भरून जागेवर ठेवायला साधारण दीड मिनिट लागतं, त्यामुळे सहाच्या वर गेलो की वेळ हाताबाहेर जातो.

कमी खेळणी ठेवली तर मूल कंटाळेल, अशी भीती बहुतेक आजी-आजोबांना वाटते. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांबरोबर पंधरा-पंधरा मिनिटं खेळू दिलं. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि ते वेगवेगळ्या तऱ्हांनी वापरू लागली. याचा अर्थ घरात चारच खेळणी ठेवा असा मुळीच नाही. तो एका खोलीतला पंधरा मिनिटांचा खेळ होता, आपल्या घरात दिवसभर दोन मुलं असतात. पण सासूबाईंना "उपाशी ठेवतेस का गं पोरांना खेळण्यावाचून?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला तो मला उपयोगी पडला.

सहा डब्यांत काय घालायचं हे वरचा कागद सांगतो. खेळलेल्या वस्तू आधी, उरलेल्या जागेत आत ठेवलेल्यांपैकी एखादी. उरलेल्यांचं काय करायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. एकच मोठा पेटारा घेतला तर सगळं पटकन त्यात टाकता येईल ना?

टाकता येईल, आणि सकाळी तेवढ्याच पटकन सगळं बाहेर येईल. मुलाला हवी ती गाडी तळाशी असते. हात तळापर्यंत पोचत नाही, म्हणून ते पेटारा कलंडवतं. यात मुलाचा खोडसाळपणा काही नाही, त्याच्यासमोर दुसरा मार्गच नसतो.

मुलाची बोटं ते कोपर मोजा. डब्याची खोली त्याहून कमीच हवी. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी पाच-साडेपाच इंच खोल डबा बरोबर बसतो. उभ्या उभ्या तळ दिसतो, वस्तू वरून उचलता येते आणि ओतायची गरज पडत नाही. आम्ही अकरा इंच लांब, नऊ इंच रुंद, साडेपाच इंच उंच असे प्लास्टिकचे उघडे डबे घेतले. खोल पेटारा बदलून हे डबे आले, तेव्हा पस्तीस मिनिटांची पंधरा झाली. एकही खेळणं तोवर कमी केलेलं नव्हतं.

पेटाऱ्याचा दुसरा दोष झाकणाचा. वर उचलायचं जड झाकण वाकलेल्या मुलाच्या मानेवर किंवा बोटांवर पडतं. आजोळची जुनी कडीवाली ट्रंक तर खेळण्यांसाठी नकोच. मूल आत बसून झाकण लागलं तर आतून उघडत नाही आणि हवाही मिळत नाही. आठवण म्हणून ठेवायचीच असेल तर कडी काढून टाका आणि तिच्यात गाद्या-चादरी ठेवा.

४. डबे कुठून घ्यावेत? पारदर्शक की रंगीत?

पुण्यातल्या बोहरी आळीत प्लास्टिकच्या सामानाच्या दुकानांत किराणा आणि हार्डवेअरवाले वापरतात तसले क्रेट मिळतात. ते दिसायला साधे, पण दीड वर्षाचं मूल वर उभं राहिलं तरी तडकत नाहीत. जाताना फडताळाच्या आतल्या मापाची कागदी पट्टी कापून न्या. "बसेल हो ताई" यावर विश्वास ठेवून मी एकदा सहा डबे आणले आणि सहाही अर्धा इंच मोठे निघाले.

झाकण नको. झाकण म्हणजे आवरताना एक जादा काम आणि सोफ्याखाली हरवणारी एक जादा वस्तू. पारदर्शक डब्यातलं बाहेरून दिसतं हे चांगलं, पण सहाही पारदर्शक असले की आवरलेला हॉलसुद्धा पसरलेलाच दिसतो. आमच्याकडे डबे एका रंगाचे आहेत आणि समोर आतल्या वस्तूचा फोटो चिकटवला आहे. फोटो आपल्याच खेळण्याचा, मोबाइलवर काढलेला आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापलेला. छापील चित्रातला बदक आपल्या बदकासारखा नसतो आणि धाकट्याला ते मान्य होत नाही.

वेताच्या किंवा बांबूच्या टोपल्या दिसायला सुरेख. कापडी खेळणी आणि चेंडूंसाठी घ्या. बारीक तुकड्यांसाठी नकोत, विणीत अडकतात. काठाचे धस निघालेत का ते मात्र अधूनमधून बघत जा.

५. फडताळ कसं आणि कुठल्या भिंतीला ठेवू?

दोन खणांचं, एकूण दोन फूट उंच, आतून अडीच फूट रुंद, एक फूट खोल. प्रत्येक खणात तीन डबे बसतात. दोन खणांमधलं अंतर दहा इंच ठेवा, म्हणजे डबा बाहेर न काढताही वरून हात जातो. यापेक्षा उंच फडताळ घेतलंत तर वरच्या खणासाठी खालच्या खणावर पाय ठेवला जाणार.

जागा ठरवताना दोन ठिकाणं आधीच बाद करा. एक म्हणजे खिडकी किंवा बाल्कनीच्या ग्रिलखाली. दोन फूट उंचीचं फडताळ ही मुलासाठी तयार पायरी असते. दुसरं, टीव्हीखाली. खेळण्यासाठी ओढाताण झाली की टीव्ही हलतो, आणि टीव्ही बघणाऱ्यांसमोर खेळ सुरू झाला की घरात रोज तोच वाद.

आमचं फडताळ सोफ्याच्या बाजूला, कोपऱ्यात आहे. त्यासमोर चार बाय सहाची सतरंजी. ती अंथरली की खेळ सुरू, गुंडाळली की संपला. सतरंजीच्या बाहेरचं खेळणं उचलून आत ठेवायचं, हा नियम थोरलीला लगेच कळला. धाकट्याला अजून कळलेला नाही.

फडताळ बुटकं असलं तरी भिंतीला बांधा. मूल वरच्या खणाला लोंबकळलं की रिकामं फडताळ सहज पुढे येतं. मागच्या फळीला वर दोन ठिकाणी लोखंडी एल पट्टी, भिंतीत प्लग आणि स्क्रू. नव्या इमारतींत काही भिंती सलग काँक्रीटच्या असतात, तिथे साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं. हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत उलट भोक सहज पडतं पण आखूड स्क्रू निसटतो, लांब लागतो. सुताराला "भिंत कशाची आहे ते आधी बघा" एवढं सांगा.

६. भाड्याचं घर आहे. मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत.

मग उभं फडताळ नकोच. डबे थेट जमिनीवर, भिंतीलगत एका रांगेत ठेवा. सहा डबे साडेचार फुटांत बसतात. सोफ्याच्या किंवा दिवाणाच्या पायांमध्ये सात इंच मोकळी जागा असेल तर तिथे सरकवा आणि पुढच्या कडेला ओढायला नाडी बांधा. खाली जागा आहे का हे बघताना झाडू फिरतो का तेही बघा, नाहीतर आठवड्यात जाळी धरेल. डबे एकावर एक मात्र रचू नका. खालच्यातलं हवं असतं तेव्हा वरचा जमिनीवर येतोच.

७. एक मूल दीड वर्षाचं, एक पाचाचं. मोठीचे बारीक तुकडे कुठे ठेवायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथे सोयीपेक्षा धोका मोठा आहे.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी कारखान्यात एक नळकांडं वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरता येते. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूने होते. थोरलीची एकेक वस्तू नळीत टाकून बघा. आमच्याकडे भातुकलीतले चार पेले, बाहुलीचे बूट, मणी आणि बोर्डगेमच्या सोंगट्या आरपार गेल्या. त्या सगळ्या त्याच दिवशी वर गेल्या.

वर म्हणजे साडेचार-पाच फुटांवर, शोकेसच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात. प्रश्न ४ मधला बिनझाकणाचा नियम इथे उलटा होतो. हा डबा मोठी माणसं काढून देतात आणि खेळ जेवणाच्या टेबलावर होतो, जमिनीवर नाही. धाकट्याच्या झोपेचे दीड तास हे थोरलीच्या बारीक खेळाचे तास. तिला यात अन्याय वाटला नाही, उलट "माझा वरचा डबा" म्हणून तिचा रुबाब वाढला. खेळ संपल्यावर तुकडे मोजून भरतो. झाकणाच्या आत आकडा लिहिलेला आहे, ३२. एकतीस भरले तर टेबलाखाली शोध सुरू होतो आणि तो संपल्याशिवाय धाकट्याला खाली सोडत नाही.

बटण सेल आणि लोहचुंबकाचे सुटे मणी यांना वरचा डबासुद्धा पुरेसा नाही. नाण्याएवढा लिथियमचा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. एकाहून जास्त चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींसकट एकमेकांना चिकटतात. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसलेलं खेळणं घरात ठेवूच नका. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवू नका, थांबून वाट बघू नका, सरळ रुग्णालय गाठा.

नवीन घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. गोलातल्या चेहऱ्याजवळ ०-३ लिहून वर काट असेल तर ते खेळणं तीन वर्षांखालच्यांसाठी नाही. फुटपाथवर किंवा जत्रेत घेतलेल्यावर बहुधा यातलं काहीच नसतं, तिथे नळीची चाचणी आपणच करायची.

८. बाकीची खेळणी आत ठेवली की मूल ती विसरतं. मग आलटून-पालटून कसं द्यायचं?

विसरणं हाच तर फायदा. महिन्याने बाहेर आलेला जुना झुक्झुक्गाडीचा सेट नव्यासारखा वाटतो.

आम्ही आतला साठा तीन पिशव्यांत केला आहे आणि तो बेडरूमच्या माळ्यावर असतो. ठरावीक वार नाही. प्रश्न १ मधले दोन रकाने पुन्हा भरते, आणि एखादा डबा चार-पाच दिवस फक्त ओतला जातोय असं दिसलं की तेवढाच बदलते. सहाही डबे एकदम बदलू नका. मी एकदा केलं तेव्हा धाकटा दिवसभर चेंडू शोधत फिरला. दोन डबे कायमचे: ठोकळे आणि मुलाचं जे काही लाडकं असेल ते.

मूल आतलं खेळणं नाव घेऊन मागत असेल तर द्या. फक्त त्याच्या बदल्यात एक डबा आत जातो आणि कुठला जाणार ते मुलाने ठरवायचं. पाचाची थोरली यावर वकिलासारखी घासाघीस करते, पण डबे सहाच राहतात.

९. सोफा-कम-बेड किंवा दिवाणातली जागा खेळण्यांना वापरू का?

आतल्या साठ्यासाठी हो, रोजच्या खेळण्यांसाठी नाही. दिवाणावर आजोबा बसलेले असतात, त्यांना उठवल्याशिवाय गाडी मिळत नाही, असं दिवसात पाच वेळा होतं. शिवाय गॅसच्या दांड्यांवर उचलणारी फळी काही वर्षांनी ढिली पडते आणि मध्येच खाली येते. उघडलेली फळी सोडल्यावर जागेवर टिकत नसेल तर दांड्या बदलून घ्या. तोवर मुलं जवळ असताना ती उघडू नका.

१०. शेकडो ठोकळे आहेत. एकेक उचलायचा म्हटलं तर दहा मिनिटं कशी पुरणार?

उचलायचे नाहीतच. जुनी सिंगल बेडची चादर सतरंजीवर अंथरा, ठोकळे तिच्यावरच ओता. खेळ झाला की चारही टोकं धरून गाठोडं करा आणि गाठोड्यासकट डब्यात. अर्धा मिनिट. ठोकळ्यांचा डबा बाकीच्यांपेक्षा मोठा घ्या. यात ओतायचंच असतं, त्यामुळे खोलीचा नियम इथे लागू नाही.

भातुकलीला हे चालत नाही. स्टीलची ठीक, पण पितळेच्या भांड्यांना पोचे येतात. तुळशीबागेतून आणलेला आमचा पितळी संच सासूबाईंनी मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवायला काढला. सात वाट्यांत सात प्रकारची भांडी. थोरली ते रोज न सांगता लावून ठेवते, कारण लावणं हाच तिच्या लेखी अर्धा खेळ आहे. बारीक पेले वगळूनच, प्रश्न ७ पाहा.

११. सासूबाई म्हणतात, चालायला जागा नाही. मुलांना दिवसभर ओरडायचं तरी किती?

त्यांचं बरोबर आहे, आणि इथे मुलांनी आवरण्यापेक्षा आपण आखणी करणं सोपं. आईंना मी विचारलं, "तुम्ही दिवसभरात हॉलमधून नेमक्या कुठून कुठे जाता?" त्या म्हणाल्या, "अगं, खुर्चीतून बाथरूमला, आणि खुर्चीतून देवाकडे. मला काय अख्खा हॉल हवाय?"

मग त्या दोन वाटांवर तीन-तीन फूट रुंद पट्टा मोकळा धरला. सतरंजी त्या पट्ट्यात येणार नाही अशी फिरवली आणि फडताळही त्याच कारणाने कोपऱ्यात गेलं. त्यांना दिवसभर पसारा चालतो, वाटेत नको असतो. चाकाची गाडी, मणी आणि गुळगुळीत पुस्तकं या तीन वस्तूंवरून म्हातारी माणसं घसरतात. दुपारी फक्त त्या पट्ट्यातलं तेवढं उचलायचं, बाकी सातला. रात्री झोपण्याआधी बाथरूमची वाट एकदा पायाने चाचपते, दिवा लावूनही लहान चाक दिसत नाही.

१२. "माझा किल्ला मोडू नका" म्हणून मुलगी रडते. सातला आवरायचं कसं?

मांडलेला खेळ मोडायला लावणं मलाही पटत नाही. दोन बाय अडीच फुटांची प्लायवूडची फळी घ्या, कडा घासून. तिच्यावर मांडायचं आणि सातला अलगद सोफ्याखाली सरकवायचं. आमच्या सोफ्याखाली पाच इंच जागा, म्हणून मनोरे त्याहून बुटके. हे तिला आधी सांगितलेलं आहे. फळी एकच. नवीन मांडायचं तर जुनं मोडायचं, आणि ते तीच मोडते.

फळीला न मावणारी घरं, दिवाणाला चादर बांधून केलेली, ती शनिवारी रात्री राहू देतो. भाचा असेल तर नाही.

१३. गणपतीत हॉल पूर्णच लागतो. तेव्हा?

मखराचा कोपरा आणि खेळण्यांचा कोपरा बहुतेक घरांत एकच असतो. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. चार दिवस आधीच फडताळ बेडरूममध्ये जातं आणि हॉलमध्ये दोनच डबे उरतात. स्थापनेच्या दिवशी सकाळी हलवलं की दोन रडणाऱ्या मुलांसह आरास करावी लागते. उत्सवातले मखराचे दिवे आणि त्यांचे सेल मुलांच्या हाताबाहेर ठेवा, ते खेळणंच वाटतं.

दिवाळीनंतर किल्ल्यावरचे मातीचे मावळे उरतात. ते एकाच डब्यात टाकले की वर्षभरात सगळे हात-तलवारी गमावून बसतात. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात एकेक मावळा, वर दुसरा ट्रे पालथा, बाहेरून सुतळी. आमच्याकडे अंडी येत नाहीत, ट्रे शेजारून येतो. महाराज आणि तोफा मोठ्या, त्या जुन्या पायमोज्यात गुंडाळून.

१४. पावसाळ्यात माळ्यावरच्या खेळण्यांना वास येतो.

ओलं किंवा घामट खेळणं बंद पिशवीत गेलं की येणारच. मे महिन्यात सगळं एकदा उतरवा. कापडी खेळणी धुऊन कडक वाळवा. लाखेचा रंग दिलेली सावंतवाडीची लाकडी खेळणी पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा आणि सावलीत ठेवा. साठवण्याआधी प्रत्येक खेळण्यातले सेल काढा, नाहीतर ते पाझरून आतली पट्टी खातात. पिचकारीसारखे दाबायचे बदक-मासे आतून काळे पडलेले असतील तर टाकूनच द्या.

डांबर गोळ्या मात्र खेळण्यांत कधीच नको. त्या विषारी असतात आणि मुलांना पेपरमिंटसारख्या दिसतात.

१५. तीनचाकी, घसरगुंडी, बाहुलीचं घर यांचं काय? मामाने दिलंय, परत तर करता येत नाही.

मोठ्या वस्तूला डबा नसतो, म्हणून तिला जागा क्रमांक द्या. आमच्या हॉलमध्ये अशी एकच जागा आहे, दाराच्या मागे, दोन बाय तीन फूट. तिथे एका वेळी एकच मोठी वस्तू. तीनचाकी आली तेव्हा पांगुळगाडा शेजारच्या बाळाकडे गेला. जिन्यात किंवा सोसायटीच्या पॅसेजमध्ये ठेवू नका, आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते.

नातेवाइकांना आधीच सांगणं हा खरा उपाय, पण तो आत्याबाईंवर चालतो आणि मामावर चालत नाही. मामाला मी आता जागेचं माप पाठवते.

१६. पाहुणे खाली पार्किंगमध्ये आहेत, आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आत्ता काय?

धुण्याची मोठी बादली किंवा कपड्यांची टोपली आणा, वर्गवारी न करता सगळं त्यात, आणि टोपली बेडरूममध्ये. तीन मिनिटं लागतात. बारीक तुकडे असले तर ते चादरीसकट उचला.

टोपली त्याच रात्री मुलं झोपल्यावर रिकामी करा. सकाळपर्यंत राहिली तर मुलं तिच्यातूनच खेळायला लागतात, आणि आठवड्यात तुमच्याकडे प्रश्न ३ मधला पेटारा तयार होतो. आमच्याकडे असं दोनदा झालं आहे. दुसऱ्या वेळी टोपलीच्या तळाशी हरवलेला बत्तिसावा तुकडा सापडला.